मदत हवी आहे: फिफोमध्ये ओपनिंग डब्ल्यूआयपीचा जुना खर्च पुढच्या प्रोसेसला कसा न्यायचा?

नमस्कार मंडळी, प्रोसेस कॉस्टिंगमध्ये एका जागी अडकलोय. फक्त कन्व्हर्जन कॉस्टचं बघू.

ओपनिंग डब्ल्यूआयपी २०० नग, ४०% पूर्ण. महिन्यात १,००० नग नव्याने सुरू झाले, ९०० पूर्ण होऊन पुढे गेले आणि क्लोजिंगला ३०० उरले, ५०% पूर्ण.

वेटेड ॲव्हरेजने ९०० + १५० = १,०५० इक्विव्हॅलंट युनिट. फिफोत मात्र फक्त याच महिन्याचं काम धरायचं: जुन्या २०० चं उरलेलं ६०% म्हणजे १२०, नवीन पूर्ण ७००, क्लोजिंगचे १५०, एकूण ९७०. फरक ८० चा, म्हणजे २०० नगांवर मागच्या महिन्यात झालेलं ४०% काम. इथपर्यंत पटतं.

मागच्या महिन्याचा खर्च ७२०, या महिन्याचा ९,७००. फिफोचा दर ९,७०० ÷ ९७० = १०. वेटेडमध्ये दोन्ही खर्च एकत्र, म्हणून साधारण ९.९२. फिफोने जुने २०० नग ७२० + १,२०० = १,९२० ला पडतात, म्हणजे नगाला ९.६०, बाकीचे ७०० नग १० ने.

आता खरा प्रश्न. पुढच्या प्रोसेसला हे दोन लॉट वेगवेगळ्या दराने दाखवायचे, की ९०० नग मिळून ८,९२० असा एकच आकडा? एकच दाखवला तर फिफोने वेगळा ठेवलेला दर तिथे पुन्हा सरासरीत मिसळतोच ना? प्रत्यक्ष कॉस्ट शीट करणाऱ्यांनी कृपया सांगा.