उ: जोडलेली की स्वतंत्र आधारविधाने?

> "दोन्ही कारणं 'आणि'नं जोडलेली आहेत, मग मी दोन वेगळे बाण काढले ते चुकलं का?"

युक्तिवादाच्या आकृतीत जी आधारविधानं मिळूनच निष्कर्षाला टेकू देतात ती जोडलेली, त्यांना एकच बाण; जी एकेकटी टेकू देतात ती स्वतंत्र, प्रत्येकाला वेगळा बाण. हे ठरवताना 'आणि'वर जाऊ नका, तो दोन्हीकडे येतो. एक विधान खोटं आहे असं समजा आणि पाहा, उरलेलं एकटं निष्कर्षाला काही टेकू देतं का.

समजा: (१) पुलाच्या खांबाला खोल तडा गेलाय. (२) असा तडा गेलेला खांब जड वजन पेलत नाही. (३) शेजारचा नवा पूल खुला झालाय. म्हणून (४) जुन्यावरून जड वाहनं बंद करावीत.

(२) खोटं धरलं, म्हणजे तडा गेलेला खांबही वजन पेलतो म्हटलं, की (१) मधली हवाच जाते. उलट (१) खोटं असेल, तर (२) या पुलाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून ही जोडी. (३) मात्र स्वतःच्या पायावर उभं आहे, थोडं लंगडं का असेना.

```
 १ + २      ३
 -----      |
    \      /
     v    v
       ४
```

जोडीला मध्ये अधिक चिन्ह, खाली एक रेघ आणि रेघेतून एकच बाण. (३) ला स्वतःचा बाण.

फसगत बहुतेक इथे होते: (२) नुसतं खोडून टाकलं तर (१) एकटंही पटतं, कारण (२) आपण मनातल्या मनात परत भरतो. म्हणून खोडू नका, खोटं धरा.

आक्षेप तपासतानाही याचा उपयोग होतो. तडा वरवरचा निघाला, तर जोडीचा अख्खा बाण जातो, (३) चा राहतो.