मदत हवी आहे: सोयाबीनच्या फोटोंवरची चुकीची लेबलं कशी शोधायची?

नमस्कार मंडळी. लातूर-धाराशिव भागातल्या सोयाबीनच्या पानांचे सुमारे 6,000 फोटो आहेत. लेबलं तीन: निरोगी, पिवळा मोझॅक, लोहाची कमतरता. गोंधळ शेवटच्या दोनांत आहे. लोह कमी पडलं की कोवळं पान पिवळं पडतं पण शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे चट्टे वेडेवाकडे पसरतात. घाईत लेबल लावणाऱ्यांनी दोन्हींना सरसकट मोझॅक म्हटलंय.

परिणाम असा की ट्रेनिंगची अचूकता 98 टक्के, पण कृषितज्ज्ञांनी तपासलेल्या वेगळ्या 200 फोटोंवर 71. हे 200 फोटोही त्याच शेतांतले आहेत, म्हणजे फरक नव्या शेतांमुळे नाही; मॉडेल लेबलांमधल्या चुका पाठ करतंय.

क्रॉस-व्हॅलिडेशन करून `cleanlab` चं `find_label_issues` चालवलं. आधी एकाच शेतातले फोटो ट्रेनिंग आणि तपासणी अशा दोन्ही बाजूंना जात होते, त्यामुळे चुका लपत होत्या. `GroupKFold` ने शेतानुसार विभागल्यावर संशयित लेबलांची यादी बरीच वाढली. पण तिच्यात सुरुवातीच्या अवस्थेतला खरा मोझॅकही आहे, तो काढून टाकला तर मॉडेल नेमकं तिथेच आंधळं होईल. ट्रेनिंग लवकर थांबवून पाहिलं, तेव्हा हीच अवघड पानं शिकायची राहिली.

शिवाय एका माणसाने अख्ख्या गावाची लेबलं एकसारखी चुकवली असतील, तर ती यादीत येतीलच असं नाही.

तज्ज्ञ आणखी 300 फोटोच तपासू शकतात. ते यादीतूनच घ्यावेत, की काही प्रत्येक लेबल लावणाऱ्याच्या कामातून रँडम उचलावेत, आणि कोणत्या प्रमाणात?