चेन, बेल्ट की शाफ्ट? माळव्याच्या धुळीत काय टिकेल

भटक्या (सुदामानगर): माझी ४११ सीसीची गाडी. जवळपास दर रविवारी मांडू नाहीतर महेश्वर. चेन सेट चौदा हजार किलोमीटरमध्येच खडखडायला लागला. आळस म्हणाल तर तोही नाही, दर पंधरा दिवसांनी पेट्रोलनं धुतो, तारेच्या ब्रशनं घासतो. आता बेल्ट बसवून घ्यावा, की पैसे साठवून शाफ्टची गाडी घ्यावी?

सुसाट: बेल्ट! मित्राच्या हार्लेला आहे. तेल नाही, आवाज नाही, पॅंटवर काळे डाग नाहीत. दोन पुल्या बनवून घ्या, काम झालं.

महूचे काका: पुल्यांनी काम होत नाही, भिया. बेल्ट अखंड असतो, त्याला चेनसारखा जोड नसतो. तुझ्या गाडीत तो घालायचा तर स्विंगआर्म उतरवावा लागणार, आणि रुंद बेल्टला आजूबाजूला जागाही हवी. शिवाय मांडूच्या कच्च्या वाटेवर एक खडा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये सापडला की आतल्या दोऱ्या तुटतात. वरून बारीक भोक दिसतं, पण बेल्ट तिथेच दगा देतो. शहरात आणि हायवेवर बेल्टसारखं सुख नाही, हे मात्र कबूल.

स्कूटरवाली काकू: बेल्टवर माझा विश्वासच नाही. माझ्या स्कूटरचा पलासियाच्या चौकात तुटला. एक्सलेटर पिळतेय, इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही.

महूचे काका: ताई, तो व्हेरिएटरचा बेल्ट. त्याला घसरत, सरकत गिअरचं काम करावं लागतं, म्हणून तो झिजतो. इथे दातेरी बेल्टची गोष्ट चालली आहे.

लडाख रिटर्न: मग शाफ्टच घ्या ना! बीएमडब्ल्यूनं १९२३ सालच्या आर ३२ पासून शाफ्ट दिलाय, काही उगाच नाही. मी मित्राच्या जीएसवर लेहपर्यंत गेलो. बाकीचे रोज संध्याकाळी चेनपाशी उकिडवे बसायचे, आम्ही चहा पीत असायचो.

महूचे काका: चहा प्या खुशाल. पण मागच्या चाकाचं सील गळायला लागलं तर धारच्या मिस्त्रीकडे काय करणार? चेन तुटली तर खिशात एक जोडकडी आणि चेन तोडायचं हत्यार असलं की अर्ध्या तासात माणूस घरी. शाफ्टला वजन जास्त, बेव्हल गिअरमध्ये ताकदही थोडी जास्त वाया जाते. आणि ‘काही करावं लागत नाही’ हे खोटं, फायनल ड्राइव्हचं तेल बदलावंच लागतं.

आता भटक्या, तुझं दुखणं. चेन चौदा हजारांत गेली ती पेट्रोल आणि तारेच्या ब्रशमुळे. ओ-रिंगच्या चेनमध्ये ग्रीस कारखान्यातच पिनेभोवती भरून रबरी रिंगांनी कोंडलेलं असतं. पेट्रोलनं रबर खराब होतं, ब्रशच्या तारा त्याला ओरबाडतात. ग्रीस निघून गेलं की बाहेरून कितीही तेल ओत, आत पोहोचत नाही. पिन झिजते आणि चेन ‘लांबते’. घासलेट आणि मऊ ब्रश वापरायचा, मग पुसून कोरडी करायची.

एक काम कर. चेन ताणून धरून २१ पिनांमधलं, म्हणजे २० कड्यांचं अंतर मोज. तीन-चार ठिकाणी मोज.

भटक्या: मोजलं. एका जागी ३१८.५ मिलिमीटर, समोरच्या बाजूला ३२२.

महूचे काका: नवीन चेनमध्ये ते ३१७.५ असतं, या पिचच्या चेनला ३२३ च्या आसपास हद्द संपते. पण ३२२ पेक्षा मला तो फरक खटकतो. चेन सारखी झिजलेली नाही. चाक फिरवलंस तर कुठे ढील जास्त, कुठे चेन तटतटलेली मिळेल. तू ढील बहुतेक सैल जागी बेतत असशील.

भटक्या: हो! जिथे लोंबताना दिसायची तिथेच ताणायचो.

महूचे काका: म्हणजे घट्ट जागा आली की गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ. मागचं चाक खड्ड्यात वर उचललं गेलं की ती आणखी वाढते. ढील नेहमी सर्वांत घट्ट जागी बघायची.

सुसाट: काका, हद्द ३२३ ना? अजून चालव, दिवाळीला बदल.

महूचे काका: मी नाही चालवणार. आणि नुसती चेन नाही, दोन्ही स्प्रॉकेटसह. वाकड्या दात्यांवर नवी चेनही लवकर मरते.

लडाख रिटर्न: एवढं मोजत बसायचं? म्हणूनच मी शाफ्ट म्हणत होतो.

स्कूटरवाली काकू: आमच्याकडे वडिलांच्या जुन्या गाडीची चेन पत्र्याच्या डब्यात बंद असायची. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही. तो डबा मोठ्या गाड्यांना का देत नाहीत?

महूचे काका: ताई, हा प्रश्न मीही कंपन्यांना विचारीन म्हणतो. रुंद टायर आणि सस्पेन्शनचा लांब प्रवास आड येतो, हे खरं. पण दिसायला चांगलं नाही, हेही एक कारण असावं असा माझा संशय आहे.

भटक्या: सेट मागवला. आता सांगा, स्प्रे मारू की ९० नंबरचं गिअर ऑइल?

सुसाट: स्प्रे.

महूचे काका: ऑइल. रात्री लाव, सकाळी पूस.

लडाख रिटर्न: घ्या, सुरू झालं पुन्हा.