लाल पेन आणि एक जास्तीचा काना

> स्पेलचेक लाल रेघ दाखवत नाही म्हणजे अर्ज बरोबरच ना?

नाही हो, यावर एक छोटीशी गोष्टच टाकते.

आजी म्हणजे मराठीच्या रिटायर्ड बाई. नातवाचा पहिलाच नोकरीचा अर्ज, मुदत रात्री बाराची आणि हा नऊ वाजता सबमिटवर बोट ठेवून बसलेला. आजी म्हणाली, आधी प्रिंट काढ.

"अगं आजी, नीट वाचलाय मी."

"तू लिहिलायस ना, मग तुला जे लिहायचं होतं तेच दिसणार. आण इकडे."

लाल पेन निघालं. ओळीखाली कोरा कागद धरून बाई शेवटच्या ओळीपासून उलट्या वर वाचत निघाल्या, असं केलं की अर्थाच्या ओघात डोळा पुढे पळत नाही, एकेक शब्द सुटा दिसतो. सही, पत्ता, शिक्षण ठीक, दोन वेलांट्या सुधारल्या, आणि पार वर विषयाच्या ओळीवर पेन थांबलं. ठळक अक्षरातली ओळ, म्हणजे लिहिणारा जी कधीच वाचत नाही ती. गोल काढला.

'लिपिक पादासाठी अर्ज.'

नातू कानापर्यंत लाल! स्पेलचेक गप्प, कारण पाद म्हणजे पाय हाही शब्द आहेच की (दुसरा अर्थ मी सांगत नाही).

त्याने घाईत काना उडवला. "आता ती ओळ परत वाच, दुरुस्ती करतानाच नवी चूक घुसते," इति आजी. वाचली तर काय, कान्यासोबत 'साठी'तला 'ठी' पण उडाला होता.