मदत हवी आहे: रविवारपासून रजा हवी, पत्रिका कालच हातात आली, नियम सात दिवस आधीचा

पाइपवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात एक्सट्रूडर ऑपरेटर आहे, दोन वर्षं झाली. अडचण अशी, की माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचं दोंडाईच्याला लग्न आहे. खरं तर या आठवड्यात फक्त साखरपुडा होता. पाहुणे बसले, बोलणी झाली, आणि मुलाकडच्यांची आजी अंथरुणाला खिळलेली म्हणून साखरपुड्याच्या बैठकीतच लग्न लगेच उरकायचं ठरलं. पत्रिका काल बुधवारी रात्री आली, तीही शाई पुरती वाळलेली नसावी अशी, बोटाला हळदीचा पिवळा रंग लागला. रविवारी संध्याकाळी हळद, सोमवारी दुपारी लग्न.

भाचीचा सख्खा मामा तीन वर्षांपूर्वी गेला. अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागे मामा म्हणून मीच उभा राहणार, हे घरात आधीच ठरलेलं. म्हणजे 'पाकीट पाठवून दे' म्हणण्याची सोय नाही.

आमच्याकडे कोणतीही ठरवून घ्यायची रजा सात दिवस आधी टाकावी लागते. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये त्याच्या अलीकडची तारीख उमटतच नाही. फक्त 'आजारी' आणि 'इमर्जन्सी' हे दोनच पर्याय उघडतात. एचआरला फोन केला तर म्हणाले, लग्न इमर्जन्सीत बसत नाही. शिल्लक सीएल दोन आणि पीएल नऊ. मला रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस हवेत. सीएल दोनच आणि सीएलला पीएल जोडता येत नाही, असा आमचा नियम. साप्ताहिक सुट्टी शनिवारची. काय करू भो?

तापीकाठ

भाचीना लगीनले मामाच नही, हाई कसं भो? आजारी टाका आणि मोकळे व्हा. दोन दिवस ताप कोणालाही येतो. डॉक्टरची चिठ्ठी ओळखीत मिळून जाते.

वरणबट्टी

माझ्या मते तुम्हाला नोटीस लागतच नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा हक्काची आहे. नैमित्तिक म्हणजेच अचानक लागणारी. सरळ कायद्याचं नाव लिहून मेल टाका, मी शोरूममध्ये तसंच केलं होतं.

गुरुजी_चोपडा

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर किरकोळ रजेचा अर्ज ठेवला की काम झालं. मागच्या वैशाखात माझी रजा मात्र निवडणुकीच्या प्रशिक्षणामुळे नाकारली, तहसीलचं पत्र होतं. मेहुण्याच्या लग्नाला मी अक्षतेनंतर पोचलो आणि बायको अजून ऐकवते. तुम्ही लवकर निघा एवढंच सांगतो.

टाइमऑफिस_निवृत्त

बावीस वर्षं टाइम ऑफिसला काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी वरणबट्टी यांचं. आठ दिवसांची गोष्ट खरी, पण तो कायदा दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं यांच्यासाठी. कारखान्याची नोंदणी असलेली जागा त्यात येत नाही. कारखान्यात सीएल मिळते ती कंपनीच्या नियमाने किंवा युनियनच्या कराराने, आणि तिची अटही तिथेच लिहिलेली असते. त्यामुळे चुकीच्या कायद्याचं नाव घालून मेल टाकलात तर एचआरवाला पहिल्याच ओळीत तुमचा अर्ज बाजूला सारेल.

माझ्या नोकरीत 1948 चा कारखाना कायदा चालायचा. त्याच्या 79 व्या कलमात भरपगारी रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज, अशी अट होती. आजारपणाला ती लागू नव्हती. पण त्या अटीचा अर्थ लोक उलटा लावतात. पंधरा दिवस आधी अर्ज आला, तर मालकाला तो सहजासहजी नाकारता येत नाही, हा कामगाराचा फायदा. उशिरा आला तर देणं न देणं व्यवस्थापकाच्या मर्जीवर. 'देताच येत नाही' असं त्यात कुठेच नव्हतं. तुमचे सात दिवसही त्याच जातीचे. अ‍ॅपमध्ये तारीख उमटत नाही, कारण अ‍ॅपला मर्जी नसते. मर्जी खात्याच्या प्रमुखाला असते. म्हणून अर्ज कागदावर, आणि फोन एचआरला नाही, आधी शिफ्ट इनचार्जला.

आता एक सांगा. रविवारपासून तुमची पाळी कोणती?

पाइपवाला_जळगाव

आप्पा, या आठवड्यात पहिली, शुक्रवारपर्यंत. शनिवारच्या सुट्टीनंतर तिसरी लागते, रात्री अकरा ते सकाळी सात.

टाइमऑफिस_निवृत्त

मग तुम्हाला तीन दिवस नकोतच.

तिसऱ्या पाळीची हजेरी ज्या तारखेला पाळी सुरू होते त्या तारखेची लागते. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, हे त्याच जुन्या कायद्यात स्पष्ट होतं आणि प्रत्येक टाइम ऑफिस तसंच करतं. रविवारी रात्री अकराची पाळी सोमवारी सकाळी सुटते, ती हजेरी रविवारची. सोमवारी रात्रीची पाळी मंगळवारी सकाळी सुटते, ती सोमवारची. मंगळवारची पाळी सुरूच होते मंगळवारी रात्री अकराला. लग्न सोमवारी दुपारी. मंगळवारी दुपारपर्यंत तुम्ही जळगावात परत. म्हणजे बुडतात फक्त रविवार आणि सोमवार, आणि तुमच्या सीएल नेमक्या दोन. पीएल जोडायचा प्रश्नच मिटला.

एक मात्र पाळा, मंगळवारी घरी आल्यावर झोपा. वऱ्हाडात दोन रात्री जागून आलेला माणूस तापलेल्या डायजवळ उभा केलेला मी पाहिला आहे, पुढचं सांगत नाही.

पाइपवाला_जळगाव

खरंच! मी मंगळवारी सकाळी सुटणारी पाळी मंगळवारची धरत होतो. आता बदलीचं. माझ्या जागी दुसऱ्या पाळीतला मित्र थांबायला तयार आहे.

टाइमऑफिस_निवृत्त

तो नको. दुपारी तीन ते रात्री अकरा करून तो पुन्हा अकरा ते सात उभा राहिला तर सलग सोळा तास झाले. इनचार्ज तोंडी 'हो' म्हणेल, पण कागदावर सही करणार नाही, कारण ओव्हरटाइम आणि कामाचे तास या दोन्हींत तो अडकतो. आणि बदली माणसाच्या नावाशिवाय तुमचा अर्ज पुढे सरकणार नाही. जनरल शिफ्टला कोणी आहे का, जो पूर्वी लाइनवर होता? त्याने त्या दोन दिवशी जनरलऐवजी रात्रपाळी केली तर कोणालाच डबल होत नाही.

शिफ्ट इनचार्जची भीती समजून घ्या. त्याला तुमच्या भाचीशी वैर नाही. एक्सट्रूडर रात्री बंद पडला तर बॅरल पुन्हा तापवून लाइन सरळ होईपर्यंत निघणारा माल भंगारात जातो, आणि सकाळी त्याचा हिशोब तो देतो. तुमच्या अर्जाने त्या रात्रीचं उत्तर दिलं की सात दिवसांची अट त्याच्यापुरती निम्मी झाली.

कजगावकर_ताई

मी एचआरमध्येच आहे, दुसऱ्या गावी. वर कोणी आजारी टाका म्हणालं त्याबद्दल. पगार ईएसआयमध्ये बसत असेल तर आजारपणाचा खोटा दाखला हा नुसता कंपनीचा प्रश्न राहत नाही. लाभासाठी खोटं सांगणं कायद्याने गुन्हा आहे. आणि हळदीचे फोटो स्टेटसला टाकणारे तुमचेच पाहुणे असतात. आमच्याकडे एकाने 'पाठदुखी' लिहिलं आणि नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचतानाचा व्हिडिओ सोमवारी त्याच्याच लाइनमध्ये फिरला. लग्नासाठी कोणी काढलं नसतं, खोटेपणासाठी चार्जशीट मिळाली.

दुसरं, शुक्रवारी काहीही झालं तरी हजर राहा. पुष्कळ ठिकाणी साप्ताहिक सुट्टीच्या दोन्ही बाजूंना गैरहजेरी असेल तर मधली सुट्टीही रजेत धरतात. तुमच्या शनिवारच्या एका बाजूला रविवारची रजा आहेच. शुक्रवार बुडाला की शनिवारही गेला, आणि सीएल दोनच.

तापीकाठ

बरं बाई, ताप उतरला माझा. 😀

टाइमऑफिस_निवृत्त

ताईंचं बरोबर. अर्ज असा लिहा, जास्त कहाणी नको:

'मा. खातेप्रमुख, उत्पादन विभाग यांस. माझ्या भाचीचा विवाह सोमवारी दोंडाईचा येथे आहे. विवाहाची तारीख साखरपुड्याच्या बैठकीत ठरली व पत्रिका मला बुधवारी रात्री मिळाली, त्यामुळे सात दिवस आधी अर्ज करता आला नाही. वधूचे मामा हयात नसल्याने विधीत मामा म्हणून मला उभे राहायचे आहे. रविवार व सोमवारच्या तिसऱ्या पाळीसाठी दोन दिवस नैमित्तिक रजा अपवाद म्हणून मंजूर करावी. या दोन्ही पाळ्यांस श्री. ____ (जनरल शिफ्ट) काम पाहतील, त्यांची संमती-सही खाली आहे. मंगळवारी तिसऱ्या पाळीस मी हजर राहीन. सोबत पत्रिकेची प्रत.'

'अपवाद म्हणून' हे शब्द गाळू नका. त्यामुळे सही करणाऱ्याला उद्या दुसरा कोणी 'त्याला दिली, मला का नाही' म्हणाला तर उत्तर राहतं. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. सही झालेला कागद एचआरकडे गेला की ते त्यांच्या बाजूने अ‍ॅपमध्ये नोंद करतात. तोंडी 'जा रे, बघू' एवढ्यावर गाडीत बसू नका.

गुरुजी_चोपडा

आणि नाही म्हणाले तर?

टाइमऑफिस_निवृत्त

तर बिनपगारी मागा, तीही लेखी. न सांगता गेलेल्या दिवसाला रजिस्टरमध्ये गैरहजेरी लागते आणि ती मागून पुसायला फार चपला झिजतात. बिनपगारीही नाकारली तर मग मामाने स्वतः ठरवायचं, तिथे मी सल्ला देत नाही.

पाइपवाला_जळगाव

शुक्रवार संध्याकाळ, स्टेशनवरून लिहितोय. जनरल शिफ्टला क्यूसीत गेलेला आमचा जुना ऑपरेटर तयार झाला, बदल्यात त्याला पोळ्याला मी मोकळं करायचं. इनचार्जने अर्ज वाचला, पत्रिका उलटून पाहिली, फक्त बदलीवाल्याच्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हा पाच नंबरची लाइन चालवतो ना?' मग सही. खातेप्रमुखांनी लाल पेनाने 'एकवेळ अपवाद' लिहिलं.

एचआरने मात्र रविवारची सीएल धरली आणि सोमवार सध्या 'प्रलंबित' ठेवला. म्हणतात, सात दिवसांच्या आत एकच सीएल देता येते असं परिपत्रक आहे. मी ते कधी पाहिलं नाही, नोटीस बोर्डावरही नाही. शिवाय हजेरी बक्षीस जाणार की राहणार, कोणी सांगत नाही.

कजगावकर_ताई

परिपत्रकाची तारीख आणि क्रमांक मागा, नम्रपणे, मेलवर. बक्षीस कंपनीच्या योजनेवर आहे, मंजूर रजेलाही कापणाऱ्या कंपन्या आहेत. पगाराची चिठ्ठी येईपर्यंत कळणार नाही.

टाइमऑफिस_निवृत्त

सही झालेली पोच जवळ आहे ना? मग सोमवारी गैरहजर लागणार नाही, वाईटात वाईट एक दिवस बिनपगारी. गाडीत बसा.

वरणबट्टी

आणि घोटलेल्या वांग्याचा फोटो टाका. लग्नाचा नको, फक्त वांग्याचा.