मदत हवी आहे: सीटीसी तेवढाच, पण हातात महिना ५,७६४ रुपये कमी. पत्रावर सही करू का?

वेलदोडा

पुण्यात एका खाजगी कंपनीत आहे, सव्वातीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात सगळ्यांना 'वेतन पुनर्रचना' असं पत्र आलं. नव्या कामगार संहितांनुसार पगाराचे घटक बदलत आहोत, एकूण सीटीसीत काहीही बदल नाही, पोर्टलवर शुक्रवारपर्यंत मान्यता द्या, एवढाच मजकूर आणि खाली तक्ता.

सीटीसी वर्षाला ९,६०,००० म्हणजे महिना ८०,०००. तक्त्यातले महिन्याचे आकडे असे:

जुने: बेसिक २४,०००, एचआरए १२,०००, स्पेशल अलाउन्स ४१,१२०, कंपनीचा पीएफ २,८८०.
नवे: बेसिक ४०,०००, एचआरए २०,०००, स्पेशल अलाउन्स १३,२७६, कंपनीचा पीएफ ४,८००, ग्रॅच्युइटी १,९२४.

दोन्हीकडची बेरीज ८०,०००च येते, मी तीनदा करून पाहिली. पण माझा पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा केला की आधी हातात ७४,०४० यायचे, आता ६८,२७६ येतील. घराचा हप्ता आहे, त्यामुळे हा फरक जाणवणारच. एचआरला विचारलं तर "पैसे तुमच्याच पीएफमध्ये जातायत, तुमचाच फायदा आहे" म्हणाले. खरंच सगळे माझ्याच खात्यात जातायत का? नवीन करप्रणालीत आहे, कर तेव्हाही शून्य होता.

गावकुसाबाहेरचा

आमच्याकडे जिल्हा परिषदेत वेतननिश्चितीच्या वेळी असाच घोळ झाला होता. मागच्या तारखेपासून फरक मिळाला, पण दोन वर्षांनी. तुम्ही फरकाच्या बिलासाठी अर्ज देऊन ठेवा.

वेलदोडा

दादा, माझी खाजगी नोकरी आहे हो. इथे फरक मिळणार नाही, फरक कापला जाणार आहे :(

चाकणचा_चहा

सही अजिबात करू नका! पीएफची जबाबदारी आली म्हणून मालकाला पगार कमी करता येत नाही, हे पीएफच्या कायद्यात स्पष्ट आहे. लेबर ऑफिसला तक्रार टाका, दोन दिवसांत सरळ येतील.

हिशोबनीस

पंधरा वर्षं पेरोलच बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चहावाले म्हणतात ती तरतूद आहे. केवळ स्वतःच्या वाट्याचं ओझं आलं म्हणून मालकानं पगार कापू नये, असा तिचा रोख आहे. पण इथे कंपनीनं बेसिकच वाढवलंय, आणि तिचा वाटा पहिल्यापासून सीटीसीत धरलेला आहे. त्यामुळे ती तरतूद इथे लागू होते का, यावर वाद घालता येईल. दोन दिवसांत तर कुणीच सरळ येणार नाही.

आता ५,७६४ कुठे गेले ते पाहू. तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ १,९२० रुपयांनी वाढला. कंपनीचा वाटाही १,९२०नं वाढला आणि तोही ८०,०००मधूनच काढला. हे झाले ३,८४०. ते खरोखर तुमच्या खात्यात जातील, इथपर्यंत एचआर बरोबर आहे. उरले १,९२४, आणि ते तुमच्या खात्यात जात नाहीत. ती ग्रॅच्युइटीची तरतूद आहे, ती कंपनीच्या वहीत राहते. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आधी राजीनामा दिलात तर त्यातला रुपयाही मिळत नाही.

माझा प्रश्न वेगळाच आहे. जुन्या तक्त्यात ग्रॅच्युइटीची ओळच दिसत नाही. जुनं नेमणूकपत्र काढा आणि त्यात ग्रॅच्युइटीबद्दल काय लिहिलंय ते शब्दशः इथे टाका.

वेलदोडा

काढलं. "याव्यतिरिक्त ग्रॅच्युइटी कायद्यानुसार देय राहील." सीटीसीच्या तक्त्याखाली, अगदी बारीक अक्षरात.

हिशोबनीस

इथेच मेख आहे. 'याव्यतिरिक्त' म्हणजे ८०,०००च्या वर. जुन्या बेसिकवर ती तरतूद ४.८१ टक्क्यांनी महिना सुमारे १,१५४ होत होती आणि कंपनी ती स्वतःच्या खिशातून सोसत होती. म्हणजे त्याच मोजपट्टीनं तुमचा जुना सीटीसी ८१,१५४ होता. आता ग्रॅच्युइटी आत घेऊन तो ८०,०००. वरचा आकडा तोच ठेवून आतलं माप बदललंय.

ग्रॅच्युइटी पूर्वीसारखी बाहेर ठेवा अशी मागणी करा. तसं झालं तर हातात ७०,२०० येतील. पूर्वीपेक्षा ३,८४० कमी, पण ते सगळे तुमच्याच पीएफमध्ये.

दुसरं, 'कायद्यामुळे' हे अर्धंच खरं. २१ नोव्हेंबर २०२५पासून वेतन संहिता लागू आहे, पण बेसिक ५० टक्के कराच असं ती म्हणत नाही. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा, असं म्हणते. त्यानं ग्रॅच्युइटीचा हिशोब वाढतो, हे खरं. पीएफची सक्ती मात्र १५,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंतच आहे, म्हणजे १,८००. कामगार मंत्रालयानं डिसेंबर २०२५मध्ये तसा खुलासाही केला. पूर्ण बेसिकवर पीएफ कापणं हे तुमच्या कंपनीचं जुनं धोरण आहे.

चाकणचा_चहा

मग १,८००च कापा म्हणून सांगता येईल ना? मी तेच म्हणत होतो.

हिशोबनीस

तुम्ही तसं म्हणत नव्हतात, पण असो. आधीपासून जास्त पगारावर पीएफ भरणाऱ्याला मध्येच मर्यादेवर आणता येतं का, यावर सल्लागारांत एकमत नाही. विचारायला हरकत नाही. फक्त कंपनीचा वाचलेला वाटा स्पेशल अलाउन्समध्ये परत आला पाहिजे, हे लेखी घ्या. नाहीतर तोही गायब.

मोगरा_२

उलट बाजूही बघा. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर आणि संपूर्ण सेवेसाठी मिळते. पाच वर्षं पूर्ण करून निघालात तर २४,०००वर साधारण ६९,००० झाले असते, ४०,०००वर १,१५,००० होतील. मागची सव्वातीन वर्षंही नव्या दरानं मोजली जातील. माझ्या नवऱ्याला याचा चांगला फायदा झाला.

आणि एचआरए वाढला म्हणून भाडेपावत्या दाखवा, कर वाचेल.

वेलदोडा

नवीन करप्रणालीत एचआरएची सूटच नाही गं. शिवाय मी स्वतःच्या घरात राहते, हप्ता त्याचाच आहे. पण ग्रॅच्युइटीचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. पाच वर्षं टिकेन का, हाच प्रश्न आहे.

हिशोबनीस

मग एक पान अजून बघा. नोटीस न भरता निघालात तर वसुली बेसिकवर आहे की एकूण पगारावर?

वेलदोडा

बेसिकवर. दोन महिने. अरे देवा, म्हणजे ४८,०००चे ८०,००० झाले!

हिशोबनीस

हो. पुनर्रचनेत ही गोष्ट कुणीच सांगत नाही. शिल्लक रजेचे पैसेही बेसिकवर मिळत असतील तर तिथे मात्र फायदा आहे.

वेलदोडा (चार दिवसांनी)

मेल केला. त्यात जुन्या पत्रातलं ते वाक्य जसंच्या तसं टाकलं आणि दोनच गोष्टी विचारल्या: ग्रॅच्युइटी आत का घेतली, आणि नोटिशीची वसुली कोणत्या बेसिकवर. पोर्टलवर मान्यतेचं बटण अजून दाबलेलं नाही. एचआर म्हणाले, ग्रॅच्युइटीबद्दल फायनान्सशी बोलतो, असं विचारणारी तुम्ही पहिलीच. मुदत आठवडाभर वाढवली. नोटिशीवर उत्तर नाही.

गावकुसाबाहेरचा

मॅडम, तुमच्या टीममधल्या बाकीच्यांनी सह्या केल्या का?

वेलदोडा

अकरापैकी नऊ जणांनी पहिल्याच दिवशी. त्यांची जुनी पत्रं आता शोधायला सांगितलीत.