कानावर पडलेलं गाणं प्लेलिस्टमध्ये टाकलं, पण ते तेच आहे का? अनुभव लिहा

तंबोरा
लिफ्टमध्ये, दुसऱ्याच्या गाडीत, कुठल्याशा प्रतीक्षालयात एखादं गाणं कानावर पडतं. आपण घाईघाईने फोन काढून शझाम किंवा तत्सम काहीतरी दाबतो, नाव येतं, गाणं प्लेलिस्टमध्ये जातं आणि आपण निश्चिंत होतो. घरी येऊन ऐकावं तर नाव तेच, गायिका तीच, पण सुरुवातीचा बासरीचा तुकडा गायब आणि ठेका भलताच! माझ्या यादीत अशी बरीच तोतया मंडळी घुसली आहेत. नाव कळायला हल्ली कुणाला फारसं अडत नाही, मला त्यापुढचं ऐकायचंय. गाणं जतन करताना काय घोळ झाले आणि ते कसे निस्तरलेत? सविस्तर लिहा.

उंडगा
माझी पद्धत आळशी माणसाची. शझामच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पॉटिफाय जोडून टाकलंय. ओळखलेलं गाणं आपोआप `My Shazam Tracks` नावाच्या यादीत जाऊन पडतं. नेट नसेल तरी बटण दाबायचं. ते आवाजाचा तुकडा राखून ठेवतं आणि नेट आलं की नाव शोधतं. प्रवासात याचा फार उपयोग होतो. घोळ म्हणाल तर यादी उकिरडा झालीय, जाहिरातीतली गाणीसुद्धा आहेत तिच्यात.

चिवडा_डबल
ही अ‍ॅप्स गाण्याचे शब्द ऐकतात आणि त्यावरून शोधतात. म्हणून गोंगाटात शब्द नीट लागले नाहीत की चुकीचं गाणं येतं. मी नेहमी ध्रुवपदाची वाट बघतो आणि मगच बटण दाबतो.

रातकिडा
@चिवडा, मग नुसत्या सतारीची रेकॉर्ड कशी काय ओळखतं बुवा? मी कित्येकदा ओळखून घेतलीय.

ध्वनिवेडा
रातकिड्याशी सहमत, शब्दांशी काही संबंध नाही. थोडं लांबण लावतो, कारण तंबोऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

फोन काही सेकंदांचा आवाज घेतो आणि त्यातले उठून दिसणारे बिंदू टिपतो: कोणत्या क्षणाला कोणता स्वर जोरात होता, एवढंच. मग दोन-दोन बिंदूंच्या जोड्या लावतो. या स्वरानंतर इतक्या वेळाने तो स्वर, असं. पुढे साठ्यातल्या लाखो रेकॉर्डिंगांपैकी कशात अशा जोड्या त्याच क्रमाने सापडतात ते बघितलं जातं. गोंगाटात बरेच बिंदू बुडाले तरी थोडे जुळले की पुरतं. शझामच्या एव्हरी वँग यांनी 2003 मध्ये ही रीत शोधनिबंधात मांडली होती. म्हणजे ओळखलं जातं ते एक ठरावीक रेकॉर्डिंग. तीच चाल त्याच गायिकेने दुसऱ्यांदा गायली तर ते यंत्राच्या लेखी वेगळं प्रकरण.

ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे ते रेकॉर्डिंग तुमच्या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये शोधणं, आणि घोळ बहुतेक इथे होतो. मूळ अल्बम, पुढे निघालेलं संकलन, नव्याने सफाई केलेली आवृत्ती, रेडिओसाठी कापलेली आवृत्ती, सगळ्यांची नावं जवळजवळ सारखी. यातलं एक उचललं जातं आणि तुमच्या यादीत येऊन बसतं.

तंबोरा
वा! पण जागेवरच कसं ताडायचं? घरी पोचेपर्यंत मूळ कसं होतं तेच डोक्यातून गेलेलं असतं.

ध्वनिवेडा
ओळखताना यंत्राला नावाबरोबर हेही कळलेलं असतं की गाणं आत्ता कितव्या सेकंदावर आहे. म्हणून निकालाच्या पानावर सरकते शब्द असतील तर ते उघडा आणि अर्धा मिनिट गाण्याबरोबर वाचा. शब्द आणि आवाज शेवटपर्यंत हातात हात घालून चालले, तर पहिली पायरी पक्की. शब्द हळूहळू पुढे-मागे सरकायला लागले, किंवा खोलीत दुसरं कडवं आणि पडद्यावर तिसरं, असं झालं तर आवृत्ती वेगळी समजा. शब्द नसतील तर निकालाचं पान तसंच राखा, अल्बमचं नाव तिथेच असतं.

माळ्यावरची_पेटी
मी हे अशाच एका गाण्यावर करून बघितलं. प्रतीक्षालयात मोठा वाद्यवृंद असलेलं, संथ सुरुवातीचं गाणं लागलं होतं. शब्द तंतोतंत जुळत होते. यादीत मात्र 3:10 चं गाणं येऊन पडलं, तेही सुरुवात छाटलेलं. निकालाच्या पानावरचा अल्बम बघितला, मग गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये गायिकेच्या पानावर जाऊन तोच अल्बम उघडला. तिथे तेच नाव, लांबी 5:42. पहिल्या वीस सेकंदांतच खात्री पटली. ते हाताने यादीत टाकलं आणि आपोआप आलेलं काढून टाकलं. तेव्हापासून मी आधी लांबी बघते. नाव फसवतं, लांबी सहसा फसवत नाही.

कोमट_पाणी
माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. एक चाल लहानपणापासून डोक्यात आहे. फोनसमोर गुणगुणून गुणगुणून घसा बसला, घरचे हसले, पण काही येत नाही. बटण कुठलं दाबायचं?

रातकिडा
अहो, इथे वाजणाऱ्या गाण्याबद्दल चाललंय! पण तुमचंही सांगतो. वर दिलेली रीत गुणगुणण्याला चालत नाही, तुमचा आवाज म्हणजे काही ते रेकॉर्डिंग नव्हे. गूगलच्या शोधात 2020 पासून गुणगुणून शोधायची सोय आहे, ती नुसती चालीचा चढउतार बघते. दहा-पंधरा सेकंद सलग गुणगुणा, मधे शब्द आठवत थांबू नका.

कोमट_पाणी
करून बघते. गाणं निघालं तर इथेच सांगेन.

नाठाळ
छोट्या व्हिडिओंमध्ये गाणी खर्जात ओढून, संथ करून लावतात, त्यांचं काय? माझ्याकडे कधी काहीच येत नाही, तर कधी कुण्या अनोळखी माणसाच्या नावावरचं गाणं येतं.

ध्वनिवेडा
वेग आणि पट्टी बदलली की बिंदूंमधली अंतरंही बदलतात, मग मूळ गाण्याशी ते जुळत नाही. अनोळखी नाव आलं तर बहुधा कुणीतरी ती संथ आवृत्ती वेगळं गाणं म्हणून प्रसिद्ध केलेली असते, आणि तीच तुमच्या यादीत जाते. मूळ हवं असेल तर शब्दांची एखादी ओळ टाकून शोधलेलं बरं.
याची गंमतीची बाजू म्हणजे मंचावर कुणी 'प्रत्यक्ष' गात असताना फोनने लगेच नेमकं स्टुडिओतलं गाणं ओळखलं, तर मागे काय वाजतंय ते समजून घ्या.

उंडगा
हे पुढच्या कार्यक्रमात करणारच 😄

जुना_रेडिओ
तुम्हा मुलांचं सगळं एका बटणावर झालंय. ब्रिटनमध्ये 2002 साली शझाम सुरू झालं तेव्हा फोनवरून 2580 फिरवायचा, फोन स्पीकरकडे धरायचा आणि मग एसएमएसने गाण्याचं नाव यायचं. फोनच्या मधल्या रांगेतली बटणं वरून खाली दाबली की झालं! प्लेलिस्ट म्हणजे वहीतलं पान. तिथे निदान आपणच लिहिलेलं असायचं.

माळ्यावरची_पेटी
आणखी एक विचारून घेते. यादीतली काही गाणी मधेच राखाडी होतात, वाजत नाहीत. ओळखली तेव्हा व्यवस्थित वाजत होती.

रातकिडा
हक्क संपले असतील, म्हणून काढून टाकली असतील.

ध्वनिवेडा
नेहमी तसंच असेल असं नाही. कधी कंपनी तोच अल्बम नव्याने चढवते, मग जुनी नोंद मरते आणि गाणं शेजारीच नव्या नोंदीत जिवंत असतं. नावाने शोधा, लांबी जुळवा, सापडलं तर बदलून टाका.

माळ्यावरची_पेटी
दोन सापडली. तिसऱ्याच्या त्याच नावाच्या दोन नोंदी आहेत, लांबी अगदी सारखी, आणि अल्बमही तोच दाखवतंय. ऐकून फरक कळत नाही. कुणाला माहीत आहे का यातली कुठली ठेवावी?